आजींचे तीन आजार, माझी एक काच

पॅथॉलॉजीत एमडी केलेल्या माणसाला रक्ताची काच वाचता येते. ती करता येते का, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही आपण होऊन सांगायला जात नाही. शिकत असताना चार काचा केलेल्या असतात, त्यातली बरी दिसणारी परीक्षकापुढे ठेवलेली असते आणि तिथे तो विषय संपतो. पुढे जन्मभर टेक्निशियनने पसरून, रंगवून, वाळवून, ट्रेमध्ये ओळीने लावून दिलेल्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायच्या आणि मान हलवत 'हं' म्हणायचं. माझंही असंच सुखाने चाललं होतं. याचं सगळं श्रेय आमच्या टेक्निशियन तात्यांना होतं, फक्त ते मी त्यांना कधी दिलं नव्हतं.

आमची लॅब शिवडीत. एका बाजूला हार्बरची गाडी, पलीकडे बंदराची गोदामं आणि त्याच्याही पलीकडे खाडीचा चिखल. थंडीत तिथे रोहित पक्षी उतरतात आणि सगळी मुंबई कॅमेरे घेऊन येते. पावसाळ्यात कुणी येत नाही, फक्त खाडीची दमट हवा येते आणि ती थेट आमच्या लॅबमध्ये शिरते. पापडाचा डबा, रजिस्टरची पानं, माझा स्वभाव, सगळं त्या दिवसांत नरम पडतं. आणि नेमके तेच दिवस आमच्या धंद्याचे: मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. दिवसाला येणाऱ्या नळ्या दुप्पट होतात.

अशा ऐन हंगामात तात्या गावाला गेले. गणपतीला कोकणात जाणाऱ्या माणसाला अडवायची छाती लालबाग-परळ-शिवडीच्या पट्ट्यात कुणाची नाही. गिरणीमालकांना जमलं नाही, तिथे माझी काय कथा! जाताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर, स्लाईडचं जमेल ना? की बदलीचा पोरगा बघू?" मी हसलो. ज्या हसण्याने माणूस पुढे गोत्यात येतो, तसलं ते हसणं होतं. "तात्या, अहो मी एमडी आहे." तात्या म्हणाले, "ते ठाऊक आहे, म्हणून तर विचारतोय." आणि एका कागदावर काहीतरी लिहून तो त्यांनी लिशमनच्या बाटलीखाली ठेवला. मी तो वाचला नाही.

लिशमन म्हणजे रक्ताची काच रंगवायचा आमचा नेहमीचा रंग. विल्यम लिशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने तो १९०१ मध्ये दिला. त्याआधी १८९१ मध्ये रोमानोव्स्कीने मिथिलीन ब्लू आणि इओसिन एकत्र करून मलेरियाच्या जंतूचं केंद्रक तांबडं-जांभळं दिसतं हे दाखवलं होतं. लिशमनने त्या मिश्रणाची भुकटी करून ती मिथेनॉलमध्ये विरघळवली. त्यामुळे पेशी काचेवर पक्क्या करणं आणि रंगवणं अशी दोन्ही कामं एका बाटलीत आली. हा सगळा इतिहास मला तोंडपाठ. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर परळला हाफकिन संस्था आहे, १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल लिहिला आणि शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं, हेही मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतो. थोडक्यात, रक्ताच्या काचेबद्दल मला सगळं माहीत होतं. एवढी एक काच करायची तेवढी राहिली होती.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी शिवडी कोळीवाड्यातल्या एक आजी मुलीबरोबर आल्या. तीन दिवस ताप, अंग मोडून आलेलं, घसा बसलेला. सकाळी आमच्या लॅबमधल्या मुलीने रक्त घेतलं. सीबीसीची जांभळ्या टोपणाची नळी यंत्रात गेली आणि आकडे आले: हिमोग्लोबिन ११.२, पांढऱ्या पेशी १२,४००, प्लेटलेट ३८,०००. खाली यंत्राने PLT Clumps? असंही छापलं होतं. आमचं यंत्र उठल्याबसल्या काहीतरी कुरकुर करत असतं, त्यामुळे घरातल्या जुन्या माणसांच्या कुरकुरीकडे करतात तसाच मी त्याकडे काणाडोळा केला.

दहाव्या मिनिटाला कोपऱ्यावरच्या फिजिशियनांचा फोन. "अडतीस हजार? अ‍ॅडमिट करून घेतो. मुलीला प्लेटलेटच्या पिशव्यांची सोय बघायला सांगतो. फक्त स्लाईड बघून एकदा नक्की सांगा." आता एरवी मी तात्यांना हाक मारली असती. त्या दिवशी सवयीने मारलीही. आतून फक्त फ्रीजचा आवाज आला.

म्हटलं, होऊ दे. काचेच्या एका टोकाशी थेंब टाकला. थेंब कसला, तळंच झालं. दुसरी काच तिरकी धरून ढकलली तर रक्त पार दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन टेबलावर उतरलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघतो तर तांबड्या पेशी एकीवर एक, नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या. पुस्तकात या चळतींना रूलो म्हणतात आणि मायलोमा नावाच्या कर्करोगात त्या दिसतात. पण खऱ्या चळती काचेच्या पातळ, नीट पसरलेल्या भागातही दिसायला हव्यात. माझ्या काचेला पातळ भागच नव्हता. एवढं कळण्याइतकी अक्कल शाबूत होती, म्हणून आजी निदान मायलोमातून वाचल्या.

पुढच्या वेळी थेंब लहान घेतला, पण हात थरथरला. काचेवर लाटा उमटल्या. त्यानंतर हात इतका घाईने मारला की टोकाशी पिसारा यायच्या ऐवजी करवत आली. आमची रक्त घेणारी मुलगी दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्यात पुष्कळ काही होतं.

शेवटी एक काच बरी जमली. म्हणजे लांबून बरी दिसणारी. तिच्यावर ताबडतोब लिशमन ओतला, कारण फिजिशियनांचा पुन्हा फोन आला होता. अंदाजाने थोडा वेळ ठेवला, बफर घातलं, अंदाजाने आणखी थोडा वेळ ठेवलं, मग काच बेसिनवर तिरकी करून रंग ओतून दिला आणि नळाखाली धरली. पुसली, तेलाचा थेंब टाकला आणि शंभराच्या लेन्सखाली लावली.

आणि बघतो तर काय, आजींच्या अंगात आजारांचं संमेलन भरलेलं!

तांबड्या पेशींच्या मध्ये भली मोठी पांढरी भोकं. म्हणजे लोहाची कमतरता, तीही जबर. बऱ्याच पेशींवर जांभळे ठिपके, काही ठिकाणी ठिपक्याभोवती निळसर कडं. म्हणजे मलेरिया, तोही फाल्सिपॅरम असावा, कारण एकेका पेशीत दोन दोन ठिपके. आणि प्लेटलेट? सबंध काचेच्या मधल्या भागात हिंडलो, मोजून चार-दोन. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. ताप, मलेरिया, प्लेटलेट खाली, रक्त कमी: सगळं कसं एकमेकांत चपखल बसत होतं. इतकं चपखल बसलेलं निदान बघून खरं तर माणसाला शंका यायला हवी. मला अभिमान वाटला. रिपोर्ट टाइप करायला घेतला.

बटण दाबायच्या आधी एकच गोष्ट टोचली. ठिपके पेशींवर होते तसे पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतही होते. एक तर चक्क पांढऱ्या पेशीच्या डोक्यावर बसला होता. मलेरियाचा जंतू रिकाम्या जागेत कशाला जाईल? मी तात्यांना फोन लावला. देवगडच्या आतल्या गावात रेंज यायला त्यांना बहुधा आंब्याच्या झाडाखाली जावं लागलं, कारण पलीकडून आधी वारा ऐकू आला आणि मग टाळ.

"तात्या, एक पेशंट आहे. मलेरिया आहे, आयर्न कमी आहे आणि प्लेटलेट अडतीस हजार."

"बाई कोळीवाड्यातली का? पायांनी चालत आली?"

"हो. मुलीला ओरडतही होत्या."

"मग डॉक्टर, आजार आजीला नाही, काचेला झालाय. एकेक सांगा." आणि मागे वळून, "अरे, आरती जरा हळू म्हणा रे, लॅबचा फोन आहे!"

मी आधी भोकं सांगितली. तात्यांनी विचारलं, "भोकाची कड कशी आहे? आणि बारीक स्क्रू फिरवला की भोक चमकतं का?" फिरवून बघितलं. चमकत होतं. स्क्रू एका बाजूला नेला की भोकात उजेड पेटायचा, दुसऱ्या बाजूला नेला की काळं पडायचं. कड तर पंचने मारल्यासारखी कापीव. "लोह खरंच कमी असेल ना, तर मधला फिका भाग कडेकडे हळूहळू गडद होत जातो, आणि तो चमकत नाही," तात्या म्हणाले. "तुमचं ते पाणी आहे. स्लाईड पुरती वाळायच्या आधी लिशमन घातलात. नाहीतर लिशमनच्या बाटलीचं बूच उघडं राहिलंय."

दोन्ही झालं होतं. बूच टेबलाखाली सापडलं.

हे कारण मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण शिवडीच्या पावसाळ्यात ते समोर उभं राहिलं तेव्हा ओळखता आलं नाही. मिथेनॉलचं काम पेशीला आहे त्या आकारात पक्कं करणं. ते नीट व्हायला पेशी कोरडी हवी आणि मिथेनॉलही निर्जळ हवं. काचेवर ओल राहिली, किंवा मिथेनॉलने हवेतलं पाणी ओढून घेतलं, तर पेशी पक्की होता होताच बिघडते आणि तिच्यात असली चकाकती भोकं पडतात. शंभर भागांत चार-पाच भाग पाणी मिसळलं तरी पुरतं. खाडीच्या काठावर, ऐन भाद्रपदात, रात्रभर उघड्या राहिलेल्या बाटलीला तेवढं पाणी मिळायला काय वेळ लागतो? म्हणून तात्या मोठ्या बाटलीतून रोज लहान बाटलीत पुरेल तेवढाच रंग काढतात आणि काच पंख्याखाली वाळल्याशिवाय तिच्याजवळ बाटली फिरकूही देत नाहीत. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं चाललं होतं. मला वाटायचं, तात्यांना पंख्याखाली उभं राहायला आवडतं.

"आता तुमचा मलेरिया," तात्या म्हणाले. "ठिपका आणि पेशी एकाच वेळी स्पष्ट दिसतात का?" नव्हते दिसत. पेशी स्पष्ट केली की ठिपका अंधूक व्हायचा आणि ठिपका स्पष्ट केला की पेशी खाली बुडायची. म्हणजे तो पेशीच्या आत नव्हताच, वर बसला होता. खरा जंतू पेशीच्या पोटात असतो, तिच्याबरोबरच स्पष्ट होतो आणि तिच्याबरोबरच अंधूक. त्याला निळं अंग असतं आणि त्या अंगात तांबडं केंद्रक. माझ्या ठिपक्यांना अंगच नव्हतं. तो रंगाचा गाळ होता.

"रंग धुताना ओतून दिलात ना?" तात्यांनी विचारलं.

"मग काय करायचं?"

पलीकडे आरतीसुद्धा थांबल्यासारखी वाटली. मग तात्या शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, लिशमनमध्ये बफर मिसळलं की वर हिरवट चकाकणारी साय धरते, आठवतं? ती साय म्हणजे गाळ. तुम्ही काच तिरकी केलीत की खालचा रंग निघून जातो आणि साय अलगद पेशींवर बसते. काच आडवीच ठेवायची आणि वरून पाणी सोडायचं, म्हणजे साय पाण्यावर तरंगत बाहेर जाते. शिवाय रंग गाळून घ्यायचा. कागदावर लिहिलंय."

निळसर कडं असलेल्या काही ठिपक्यांचा मात्र गाळाशी संबंध नव्हता. त्या तांबड्या पेशीवर नेमक्या येऊन बसलेल्या एकट्या प्लेटलेट होत्या. प्लेटलेटच्या भोवती फिकट वलय असतं आणि तिच्या अंगात जांभळट कणी. जंतूच्या अंगात तशी कणी नसते. हे दोन सारखे दिसतात म्हणून भलेभले फसतात. पण भलेभले फसतात एवढं म्हणून मला समाधान मिळालं नाही, कारण त्या क्षणी मी भल्याभल्यांत बसत नव्हतो.

"राहिल्या प्लेटलेट," मी म्हणालो. "त्या तरी खऱ्याच कमी आहेत. यंत्रही तेच सांगतंय."

"शेपटीकडे बघितलंत?"

बघितलं नव्हतं. वाचणारा माणूस काचेच्या मधल्या भागात, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तिथे हिंडतो. शेपटीच्या पिसाऱ्याकडे मी फारसा जात नाही, कारण तिथे पेशी चपट्या होतात आणि त्यांच्या मधला फिका भाग नाहीसा होतो. नवशिका त्यांना स्फेरोसाइट समजतो आणि रक्त फुटण्याचा आनुवंशिक आजार लिहून मोकळा होतो. पण पसरताना मोठ्या गोष्टी पुढे वाहत जातात आणि शेपटीशी अडकतात, हेही खरं. तिथे लेन्स नेली आणि खुर्चीतच ताठ झालो. प्लेटलेटची मोहोळं लागलेली! वीस-वीस, पन्नास-पन्नास एका गठ्ठ्यात.

यंत्र कणांचा आकार मोजून ठरवतं की हा कण प्लेटलेट. पन्नासांचा गठ्ठा त्याच्या हिशेबी प्लेटलेट नव्हेच. तेवढ्या आकाराला ते लहानशी पांढरी पेशी समजतं. म्हणून एकीकडे प्लेटलेट अडतीस हजारांवर आल्या आणि दुसरीकडे पांढऱ्या पेशी थोड्या फुगल्या. यंत्राने बिचाऱ्याने तेच विचारलं होतं, प्रश्नचिन्हासकट.

गठ्ठे दोन कारणांनी होतात. रक्त घेताना शीर नीट सापडली नाही, रक्त हळूहळू आलं, नळी नीट हलवली नाही, तर नळीतच बारीक गुठळी धरते. त्यासाठी नळीत लाकडी काडी फिरवून बघायची. फिरवली, गुठळी नव्हती. दुसरं कारण नळीतलं औषधच. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि रक्त गोठू देत नाही. पण काही थोड्या लोकांच्या, ढोबळ मानाने हजारात एखाद्याच्या, रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की कॅल्शियम गेल्यावर प्लेटलेटच्या पृष्ठभागाचा जो भाग उघडा पडतो त्याला ती चिकटतात आणि प्लेटलेटना एकमेकींना बांधून टाकतात. शरीरात हे काहीच होत नाही. नळीत, अंगापेक्षा थंड झालेल्या रक्तात, वेळ जाईल तसं ते वाढत जातं. माणूस ठणठणीत आणि रिपोर्ट आयसीयूचा.

उपाय सोपा: निळ्या टोपणाच्या नळीत, म्हणजे सोडियम सायट्रेटमध्ये, पुन्हा रक्त घ्यायचं. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग औषध असतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं. सोपं म्हणतो खरा, पण ते आजींना सांगणं सोपं नव्हतं.

"सकाळी घेतलंस ना रगत? परत कशाला?" आजींनी हात पदराखाली घेतला. "विकतोस काय?"

मी त्यांना ईडीटीए, कॅल्शियम, प्रतिपिंडं असं समजवायला लागलो. आजी मुलीकडे बघून म्हणाल्या, "ह्याच्या नळीत खोट हाय, असं सांगतोय तो." यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं. हात पुढे आला.

रक्त घेतल्याबरोबर यंत्रात घातलं. प्लेटलेट १,९२,०००. गुणिले १.१ म्हणजे २,११,२००. पांढऱ्या पेशीही जागेवर आल्या.

आता काच. तात्यांनी फोन चालूच ठेवायला लावला. जांभळ्या नळीतलं रक्त आता तीन तासांचं झालं होतं. ते वापरू नका म्हणाले. नळीत फार वेळ पडून राहिलेल्या तांबड्या पेशींच्या कडेला काटे फुटतात आणि वाचणाऱ्याला मूत्रपिंडाचा आजार दिसायला लागतो, पांढऱ्या पेशींत पोकळ्या येतात आणि जंतुसंसर्ग दिसायला लागतो. "आजीला नवीन आजार नको, आधीचेच पुरे." तेव्हा ताजं रक्त, टोकापासून सेंटिमीटरभर आत, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा थेंब. पसरायची काच कड न तुटलेली. ती तीस ते पंचेचाळीस अंशात धरायची, थेंबाच्या पुढे टेकवायची, मागे आणून थेंबाला लावायची, रक्त तिच्या कडेने दोन्हीकडे धावलं की थांबायचं नाही. "आजीचं हिमोग्लोबिन बरं आहे, तेव्हा कोन नेहमीचाच. रक्त फार पातळ असेल तर काच जरा उभी धरा, दाट असेल तर आडवी. घावन घालताना आमची मंडळी हात थांबवते का मध्येच? तसंच." एकच ओढ, न दाबता, न थांबता.

आणि मला ते जमलं. अंगठ्याएवढी, जिभेच्या आकाराची, दोन्ही कडांना मोकळी जागा सोडलेली, शेवटाला पिसाऱ्यासारखी विरत गेलेली काच. ती पंख्याखाली धरून मी उभा राहिलो. दारातली मुलगी म्हणाली, "सर, तात्या पण असेच उभे राहतात." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला टेक्निशियनसारखा म्हटलं होतं आणि मला ते मानाचं वाटलं.

नवी बाटली उघडून, गाळून, काच झाकेल एवढा लिशमन, दोन मिनिटं. त्याहून जास्त ठेवला तर मिथेनॉल उडून जातं आणि रंग काचेवरच सुकतो. मग दुप्पट बफर, पीएच ६.८ चं, पिपेटने फुंकून मिसळलेलं. हिरवी साय धरली. आठ मिनिटं काचेला हात लावला नाही, घड्याळाकडे बघत बसलो. मग काच आडवीच ठेवून वरून पाणी सोडलं आणि साय खरंच तरंगत निघून गेली. मागची बाजू पुसून काच उभी वाळवली.

लेन्सखाली काय? तांबड्या पेशी गुलाबी, मध्ये फिकट, कड मऊ. कुठे भोक नाही, ठिपका नाही. प्लेटलेट एकेकट्या, हव्या तेवढ्या. एका तेलाच्या क्षेत्रात साधारण चौदा-पंधरा दिसत होत्या. त्याला पंधरा हजारांनी गुणलं की दोन लाखांच्या आसपास येतं, म्हणजे यंत्राशी ताळा बसला. लिंफोसाइट जरा जास्त आणि त्यातल्या काही मोठ्या, निळसर अंगाच्या, विषाणूच्या तापात दिसतात तशा. जंतू दिसला नाही. पण एका काचेत जंतू नाही म्हणून मलेरिया नाही असं म्हणता येत नाही, त्यामुळे जाड थेंबाची काचही केली, रॅपिड टेस्टही केली आणि ताप राहिला तर उद्या परत या असं लिहिलं. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली. फिजिशियनांना फोन केला. त्यांनी पिशव्यांची सोय थांबवली आणि विचारलं, "पहिल्या स्लाईडवर काय दिसलं होतं?" मी म्हणालो, "तांत्रिक अडचण होती." तांत्रिक अडचण म्हणजे मी, हे सांगायची गरज वाटली नाही.

संध्याकाळी तात्यांच्या कागदाची घडी उघडली. त्यावर पाचच ओळी होत्या. थेंब लहान. वाळल्याशिवाय रंग नाही. बूच लावा. रंग ओतू नका, पाण्याने तरंगवा. शेपटी बघा. आजींचे तिन्ही आजार त्या पाच ओळींत आधीच बरे करून ठेवलेले होते. पसरलेल्या दोन काचा मी रंगवायच्या राहिल्या म्हणून उघड्याच टेबलावर ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एकीवरचं रक्त झुरळांनी अर्धं खाल्लेलं. सहावी ओळ माझी मीच लिहिली.

आजींचा ताप दोन दिवसांत उतरला. पण त्यांची प्रतिपिंडं पुढची कित्येक वर्षं राहण्याचा संभव होता आणि दर वेळी कुणीतरी त्यांना प्लेटलेट चढवायला निघालं असतं. म्हणून मी लेटरहेडवर लिहून दिलं: यांच्या रक्तातल्या प्लेटलेट ईडीटीएच्या नळीत एकमेकींना चिकटतात. मोजणी सायट्रेटच्या नळीत, रक्त घेतल्याबरोबर करावी. आकडा कमी आला तर आधी काचेची शेपटी बघावी. काही जणांच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात, तेव्हा काच बघितल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर विसंबू नये, हेही खाली घातलं.

त्यांच्या मुलीने ते लॅमिनेट करून आजींच्या पिशवीत ठेवलं. महिन्याभराने आजी गुडघ्यासाठी दुसऱ्या एका लॅबमध्ये गेल्या आणि तिथून मला फोन आला. तिथला तरुण पॅथॉलॉजिस्ट मोठ्या आदराने म्हणाला, "सर, तुमच्या पेशंटनं कार्ड दाखवलं. सायट्रेट घेतलं. पण आमचा टेक्निशियन रजेवर आहे आणि काच मला करावी लागतेय. त्या आजी समोर बसून सांगताहेत की पंख्याखाली धर, वाळू दे, घाई करू नको. हे बरोबर आहे का?"

मी म्हणालो, "त्या सांगतील तसं करा."